फ्रीलान्स कामाचं कोटेशन कसं काढायचं? तास, टूल्स, कर आणि फुकटात जाणारी करेक्शन्स

‘वेबसाइट करायची आहे, साधीच. पाच पानं. किती घ्याल?’ व्हॉट्सॲपवर असा मेसेज आला की बहुतेक फ्रीलान्सर मनातल्या मनात दोन गोष्टी करतात. बाजारात इतर लोक किती घेतात ते आठवतात आणि समोरचा किती देईल याचा अंदाज बांधतात. मग एक आकडा लिहून पाठवतात. त्या आकड्यात स्वतःचे किती तास जाणार, लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरचा खर्च कुठून निघणार आणि करेक्शन्स किती वेळा होणार, हा हिशोब बहुधा नसतो.

हा हिशोब अवघड नाही, पण त्यात दोन-तीन ठिकाणी नेमकी चूक होते आणि ती वर्षभर महागात पडते. तो समजून घेण्यासाठी एक उदाहरण धरू. नाशिकमधली एक फ्रीलान्स वेब डिझायनर आहे. तिला एका दंतवैद्याच्या क्लिनिकची पाच पानांची वेबसाइट करायची आहे, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, अपॉइंटमेंटच्या फॉर्मसह. यातले आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. आपापले आकडे घालून हाच हिशोब कुणालाही करता येईल.

तासाचा दर पगारावरून काढला की काय होतं?

डिझायनरला घरखर्च आणि बचत धरून महिन्याला ५० हजार रुपये हवे आहेत. सोपा हिशोब असा वाटतो: महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०० तास. ५० हजार भागिले २०० म्हणजे तासाला २५० रुपये. नोकरीतला पगार डोळ्यासमोर ठेवून बरेच जण असाच दर काढतात. गोम इथेच आहे.

नोकरीत मीटिंगचा, चहाचा, सुट्टीचा, आजारपणाचा आणि काम नसलेल्या दिवसाचाही पगार मिळतो. फ्रीलान्सरला यातल्या कशाचेच पैसे मिळत नाहीत. शिवाय लॅपटॉप कंपनीचा नसतो, इंटरनेटचं बिल कंपनी भरत नाही, आरोग्य विमा आणि पीएफमधला मालकाचा वाटाही नसतो. म्हणून दर काढताना दोन आकडे वेगवेगळे हवेत: वर्षाला एकूण किती रक्कम यायला हवी आणि वर्षात बिल लावता येतील असे तास खरोखर किती मिळतात.

आधी रक्कम पाहू. घरासाठी वर्षाला ६ लाख. पीएफ नाही, म्हणून निवृत्तीसाठी बाजूला ६० हजार. मग धंद्याचा खर्च. ७२ हजारांचा लॅपटॉप चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला १८ हजार. इंटरनेट, फोन आणि विजेचा धंद्यापुरता वाटा १८ हजार. सॉफ्टवेअरची वर्गणी, स्टॉक फोटो आणि बॅकअपची जागा मिळून ३६ हजार. आरोग्य विमा १५ हजार. सीएची फी १० हजार आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. दुरुस्ती, यूपीएसची बॅटरी, किरकोळ खरेदी असे साडेसहा हजार. धंद्याचा खर्च झाला १ लाख ६ हजार आणि एकूण बेरीज ७ लाख ६६ हजार.

यातला सॉफ्टवेअरचा आकडा कंपनीच्या वेबसाइटवरची किंमत पाहून लिहू नये, कारण तो हमखास कमी निघतो. डॉलरमध्ये किंमत असलेल्या टूलवर कार्ड देणारी बँक परकीय चलनाचं वेगळं शुल्क लावते. ते बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असतं आणि त्या शुल्कावर जीएसटीही असतो. स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल तर परदेशी कंपनी सॉफ्टवेअरच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लावते आणि तो परत मिळत नाही. त्यामुळे खरा खर्च कळतो तो बँकेच्या आणि कार्डाच्या वर्षभराच्या स्टेटमेंटमध्ये. तिथे महिनोन्‌महिने न वापरलेली एखादी वर्गणीही सापडते, तेवढाच फायदा.

आता तास. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ गेले. सणावारांचे १२, रजेचे १४, आजारपण आणि घरच्या कामांचे १० धरले तर उरले २२५ दिवस. रोज आठ तास टेबलापाशी बसलं तरी सगळे तास बिलाचे नसतात. नवीन क्लायंट शोधणं, कोटेशन पाठवणं, थकलेल्या पैशांसाठी फोन करणं, हिशोब ठेवणं, नवं काही शिकणं, स्वतःचा पोर्टफोलिओ अद्ययावत करणं याचे पैसे कुणी देत नाही. दिवसाला पाच तास बिलाचे मिळाले तरी ते चांगलं मानायला हवं. २२५ गुणिले ५ म्हणजे १,१२५ तास. एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंत जे दिवस रिकामे जातात, त्यांचे १२५ तास वजा केले की हातात राहतात १,००० तास.

७ लाख ६६ हजार भागिले १,००० म्हणजे तासाला ७६६ रुपये. डिझायनर तो ७७० धरते. २५० आणि ७७० हे दोन्ही दर महिन्याला ५० हजार मिळवण्यासाठीच काढलेले आहेत. २५० रुपयांच्या हिशोबात वर्षाचे तास जवळपास अडीचपट फुगवलेले आहेत आणि खर्च धरलेलाच नाही.

क्लिनिकच्या वेबसाइटचे तास

कामाचे तास मोजताना ‘वेबसाइट: ४० तास’ अशी एक ओळ लिहिली की अंदाज चुकणारच. कामाचे तुकडे करून प्रत्येकासमोर तास लिहिले की विसरलेली कामं समोर येतात. डिझायनरने केलेली मांडणी साधारण अशी:

डॉक्टरांशी बोलून गरज समजून घेणं आणि पानांचा आराखडा, ९ तास. मुख्य पान आणि आतल्या चार पानांचं डिझाइन, १६ तास. प्रत्यक्ष वेबसाइट बांधणं, त्यात दोन्ही भाषांतला मजकूर बसवणं, फोटो निवडून लहान करणं, अपॉइंटमेंटचा फॉर्म आणि नकाशा, २६ तास. वेगवेगळ्या मोबाइलवर तपासणं, वेबसाइट सुरू करणं आणि क्लिनिकच्या रिसेप्शनिस्टला ती वापरायला शिकवणं, ९ तास. कामाच्या काळातले फोन, ईमेल आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं, ५ तास. एकूण ६५.

दोन गोष्टी इथे हमखास विसरल्या जातात. पहिली म्हणजे दुसरी भाषा. मराठी मजकूर इंग्रजीच्या जागेत तसाच बसत नाही. काना-मात्रा-वेलांटीमुळे ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं, इंग्रजीसाठी निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसली तर दुसरा फॉन्ट शोधावा लागतो आणि बटणावरचा ‘बुक नाऊ’ हा मजकूर ‘अपॉइंटमेंट घ्या’ झाला की मोबाइलवर दोन ओळींत तुटतो. यासाठी बांधणीच्या २६ तासांतले ६ तास धरलेले आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे बोलण्याचा वेळ. रोज वीस मिनिटांचा फोन तीन आठवडे झाला तरी पाच तास सहज जातात.

इथे एक सावधगिरी हवी. या क्लायंटशी, या कामाबद्दल झालेलं बोलणं प्रकल्पाच्या तासांत येतं. काम मिळण्याआधीचं बोलणं, कोटेशन आणि वसुली हे दिवसाला पाचच तास बिलाचे धरताना आधीच वगळलेलं आहे. तोच वेळ पुन्हा प्रकल्पात मोजला तर किंमत विनाकारण फुगते. ही दुहेरी मोजणी टाळण्यासाठी कोणतं काम कोणत्या खात्यात जाईल हे एकदा ठरवून तेच पाळावं.

करेक्शन्स: सगळ्यात महाग फुकटचा वेळ

‘फक्त फोन नंबर बदलायचा आहे, दोन मिनिटांचं काम आहे.’ हे वाक्य ऐकलं नाही असा फ्रीलान्सर सापडणार नाही. प्रत्यक्षात नंबर वरच्या पट्टीत, खालच्या पट्टीत, संपर्काच्या पानावर आणि व्हॉट्सॲपच्या बटणात असतो, तोही दोन्ही भाषांच्या पानांवर. हातातलं काम थांबवायचं, ही फाइल उघडायची, सगळीकडे बदलायचं, मोबाइलवर पाहायचं, स्क्रीनशॉट पाठवायचा, मग पुन्हा आधीच्या कामात डोकं घालायचं. पंचवीस मिनिटं गेली. असे बारा मेसेज आले की पाच तास झाले, म्हणजे बिलाचा एक पूर्ण दिवस.

हा वेळ अंदाजाने धरू नये, मागच्या कामांच्या नोंदीवरून काढावा. डिझायनरने मागच्या चार प्रकल्पांत एक साधी वही ठेवली होती: तारीख, काम आणि मिनिटं. मुख्य काम एकूण २०० तासांचं होतं आणि करेक्शन्सचा वेळ ५० तास. म्हणजे मुख्य कामाच्या २५ टक्के. यातल्या एकाही तासाचे तिला पैसे मिळालेले नव्हते. नोंदच नसेल तर पुढच्या दोन-तीन कामांत ती सुरू करावी. फोनमधलं टायमर ॲप किंवा एक्सेलची शीट पुरते. बदल कितीही छोटा असला तरी किमान पंधरा मिनिटं लिहायची, एवढा नियम पुरे.

वही पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. सगळी करेक्शन्स एका जातीची नसतात. डिझायनरची स्वतःची चूक असेल, म्हणजे शब्द चुकीचा टाइप झाला किंवा फॉर्म चालत नाही, तर ती दुरुस्ती तिने विनामूल्यच करायला हवी, कितीही वेळा. ठरलेल्या कामातला पसंतीचा बदल, म्हणजे निळा थोडा गडद हवा किंवा डॉक्टरांचा फोटो डावीकडे हवा, हा डिझाइनच्या कामाचा नैसर्गिक भाग आहे. त्याचा वेळ किमतीत धरावा आणि त्याला मर्यादा घालावी. तिसरी जात फसवी असते. ‘ब्लॉगचं पानही टाकूया’, ‘ऑनलाइन पैसे भरायची सोय करता येईल का?’ अशा मागण्या करेक्शन म्हणून येतात, पण ते नवीन काम असतं. त्याला वेगळं कोटेशन द्यावं लागतं.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. जे कोटेशनमध्ये लिहिलेलं होतं त्यात बदल मागितला तर ते करेक्शन, जे लिहिलेलंच नव्हतं ते मागितलं तर नवीन काम. अर्थात, त्यासाठी कोटेशनमध्ये नीट लिहिलेलं असावं लागतं. ‘वेबसाइट डिझाइन’ एवढंच लिहिलं असेल तर त्यात काय येत नाही हे सांगणं कठीण आहे.

डिझायनरच्या वहीतल्या २५ टक्क्यांनी या कामात साधारण १६ तास करेक्शन्स होतील. तिने किमतीत त्यातले १० तास, म्हणजे दोन राउंड धरले. त्यापुढच्या प्रत्येक तासाला ९०० रुपये असं लिहिलं. हा दर ७७० पेक्षा जास्त का? कारण ते तास आधी ठरलेले नसतात, पुढच्या क्लायंटच्या वेळेतून काढावे लागतात. आणि पुढच्या करेक्शनचे पैसे पडणार हे माहीत असलं की लोक आधीच नीट बघून घेतात, असा अनुभव आहे.

‘राउंड’ म्हणजे काय हेही लिहून द्यावं लागतं, नाहीतर प्रत्येक व्हॉइस नोट एक राउंड की वीस व्हॉइस नोट्स मिळून एक, यावर वाद होतो. क्लिनिकच्या बाबतीत डॉक्टर, त्याच क्लिनिकमध्ये बसणाऱ्या डॉक्टरीण बाई आणि ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ पुतण्या असे तिघे मत देणार होते. पहिल्याला हिरवा रंग हवा, दुसरीला नको, तिसऱ्याने पाठवलेला नमुना वेगळाच. म्हणून कोटेशनमध्ये गेलेली ओळ अशी:

‘किमतीत बदलांचे दोन राउंड धरले आहेत. एक राउंड म्हणजे सर्व संबंधितांनी चर्चा करून एका व्यक्तीने, डिझाइन मिळाल्यापासून सात दिवसांत पाठवलेली एकच लेखी यादी. आमच्याकडून झालेल्या चुकांची दुरुस्ती यात मोजली जाणार नाही. त्यापुढील बदलांसाठी तासाला ९०० रुपये आकारले जातील आणि काम सुरू करण्याआधी अंदाज कळवला जाईल.’

फक्त या कामाचे खर्च

वर्षभराची टूल्स तासाच्या ७७० रुपयांत आलेलीच आहेत. ती इथे पुन्हा धरायची नाहीत. इथे येतात ते फक्त याच कामासाठी होणारे खर्च. अपॉइंटमेंटच्या फॉर्मसाठी लागणाऱ्या प्लगइनचं एका वर्षाचं लायसन्स, करांसह ४,५०० रुपये. मराठी मजकूर तपासून देणाऱ्या मुद्रितशोधकाचे ३,००० रुपये. एकूण साडेसात हजार.

डोमेन आणि होस्टिंगचे पैसे तिने यात धरले नाहीत. ते खातं डॉक्टरांच्याच नावाने, त्यांच्याच कार्डाने उघडलेलं बरं. डिझायनरच्या नावावर असलं की दरवर्षीचं नूतनीकरण तिच्या गळ्यात पडतं आणि एखाद्या वर्षी विसरलं की वेबसाइट बंद पडल्याचा ठपकाही. प्लगइनचंही तेच. लायसन्स एक वर्षाचं आहे आणि दुसऱ्या वर्षापासून क्लिनिकने ते भरायचं आहे, हे कोटेशनमध्ये नसेल तर पुढच्या वर्षी तिच्याच कार्डातून पैसे गुपचूप कापले जातात.

कर: काय खर्च आहे आणि काय नाही

करांच्या बाबतीत घोळ होतो, कारण आयकर, टीडीएस आणि जीएसटी हे तिन्ही एकाच पिशवीत टाकले जातात. किमतीवर तिघांचा परिणाम वेगवेगळा आहे.

टीडीएस म्हणजे आयकराचा आगाऊ हप्ता. पैसे देणारा तो कापून सरकारकडे भरतो. एखाद्या कंपनीने वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त व्यावसायिक फी दिली तर ती साधारणपणे १० टक्के कापते. काम तांत्रिक सेवेत मोडतं असं धरलं तर २ टक्के. ७१ हजारांच्या बिलावर १० टक्के कापले तर हातात ६३,९०० येतात आणि अनेकांना ७,१०० रुपये बुडाल्यासारखे वाटतात. मग ते पुढच्या कोटेशनमध्ये १० टक्के वाढवतात. याची गरज नाही. कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा झाली का, हे आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएसमध्ये दिसतं. विवरणपत्र भरताना ती करातून वजा होते, जास्त असेल तर परत मिळते. अडचण असते ती रोख रकमेची, कारण परतावा मिळेपर्यंत काही महिने जातात. पॅन दिला नाही तर मात्र २० टक्के कापले जातात. क्लिनिकच्या कामात हा प्रश्न बहुधा येणारच नाही. ज्या डॉक्टरांची व्यवसायातली जमा आदल्या वर्षी ५० लाखांच्या आत आहे, त्यांना असा टीडीएस कापावा लागत नाही.

खरा आयकर वर्षाच्या उत्पन्नावर ठरतो. वेब डिझायनरसारख्या माहिती तंत्रज्ञानातल्या व्यावसायिकांना आयकर कायदा १९६१ मधल्या कलम ४४एडीएची सोय आहे. एकूण जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) तर त्यातली निम्मी रक्कम उत्पन्न मानून त्यावर कर भरता येतो, खर्चाची तपशीलवार वही ठेवावी लागत नाही. आयकर कायदा २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएशी बोलताना नावापेक्षा ‘निम्मी जमा उत्पन्न धरण्याची सोय’ असं विचारलेलं बरं. प्रत्येक फ्रीलान्स व्यवसाय या यादीत बसतो असं नाही, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.

डिझायनरची वर्षाची जमा आठ लाखांच्या आसपास. निम्मे म्हणजे चार लाख. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणून तिच्या तासाच्या दरात आयकराचा आकडा नाही. जिची जमा ३० लाख आहे, तिचं उत्पन्न १५ लाख धरलं जाईल आणि उपकरासह कर १ लाख ९ हजार २०० रुपये होईल. तिने ही रक्कम वर्षाच्या खर्चात मिळवून तासांनी भागावी. नोकरी करून रात्री फ्रीलान्सिंग करणाऱ्यांचा हिशोब वेगळा पडतो. त्यांचं हे उत्पन्न पगारावर चढतं आणि वरच्या टप्प्याच्या दराने कर लागू शकतो.

जीएसटी किमतीच्या वर लागतो. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावताही येत नाही. परदेशातल्या क्लायंटची कामंही या २० लाखांत मोजली जातात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नोंदणी झाल्यावर चूक होते ती ‘सगळं मिळून ५० हजार’ म्हणण्यात. १८ टक्के जीएसटी त्यातूनच द्यावा लागतो, म्हणजे फ्रीलान्सरकडे ४२,३७३ रुपये राहतात आणि ७,६२७ सरकारकडे जातात. म्हणून कोटेशनमध्ये ‘जीएसटी लागू असल्यास वेगळा’ हे चार शब्द हवेतच.

मोठ्या कंपनीला हा जीएसटी फारसा जड जात नाही, कारण तिला तो स्वतःच्या करातून वजा करता येतो. क्लिनिकला तसं करता येत नाही. वैद्यकीय उपचार जीएसटीमुक्त असल्यामुळे डॉक्टरांसाठी ते १८ टक्के म्हणजे सरळ खिशातून जाणारे पैसे. वीस लाखांची रेषा ओलांडणाऱ्या फ्रीलान्सरने छोट्या क्लायंटना हे आधीच सांगितलेलं बरं.

शेवटचा आकडा

मुख्य कामाचे ६५ आणि करेक्शन्सचे १० मिळून ७५ तास. ७७० ने गुणल्यावर ५७,७५०. कामापुरते खर्च ७,५००. बेरीज ६५,२५०. डॉक्टरांकडे मजकूर तयार नव्हता आणि फोटोही काढायचे होते, त्यामुळे काम लांबण्याची शक्यता होती. म्हणून तासांच्या रकमेवर १० टक्के, म्हणजे ५,७७५ रुपये जोखमीचे. झाले ७१,०२५. कोटेशन गेलं ७१ हजारांचं.

हेच काम अंदाजाने २५ हजारांना घेतलं असतं तर? साडेसात हजार खर्चात गेले, उरले साडेसतरा हजार. त्यासाठी ६५ अधिक १६ असे ८१ तास. तासाला २१६ रुपये, आणि त्यातूनच लॅपटॉप, सॉफ्टवेअर आणि विमा.

आकडा ऐकून डॉक्टर म्हणाले, ‘जरा जास्त होतंय. पन्नासच्या आसपास बसवा.’ अशा वेळी तासाचा दर कमी केला की कामाचे तास तेवढेच राहतात आणि घाटा फ्रीलान्सरच्या अंगावर येतो. त्याऐवजी कामच कमी करता येतं. डिझायनरने दुसरा पर्याय दिला: वेबसाइट फक्त मराठीत (६ तास कमी), डिझाइन शून्यापासून न करता तयार साच्यावर (१० तास कमी), करेक्शनचा एकच राउंड (५ तास कमी). ५४ तास, खर्च आणि जोखीम धरून ५३ हजार. दोन्ही कोटेशन्स शेजारी ठेवल्यावर डॉक्टरांना कशाचे किती पैसे पडतात ते दिसलं. त्यांनी ७१ हजारांचंच निवडलं, कारण इंग्रजी पानं त्यांना हवीच होती. ते ५३ वर थांबले असते तरी तिचा तोटा नव्हता.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. तासांवरून निघतो तो खालचा आकडा, ज्याच्या खाली काम घेतलं तर नुकसान होतं. किंमत तिथेच थांबायला हवी असं नाही. दहा क्लिनिक्सच्या वेबसाइट केल्यावर हेच काम ४५ तासांत होईल. तेव्हा किंमत कमी करण्याचं कारण नाही, अनुभवामुळे काम लवकर आणि कमी चुकांचं होतं म्हणूनच तर क्लायंट आलेला असतो. त्यामुळे तासांची मोजणी स्वतःच्या वहीत ठेवावी आणि क्लायंटला कामाची यादी आणि एकूण रक्कम दाखवावी. उलट बाजूने, आपल्या भागात अशा कामाला कुणीच ४० हजारांच्या वर देत नसेल तर तेही या हिशोबातूनच कळतं. मग काम कमी तासांत बसवायचं, वेगळ्या प्रकारचे क्लायंट शोधायचे किंवा ते काम सोडायचं, एवढेच मार्ग उरतात.

वेबसाइट सुरू झाल्यावर डिझायनरने वही उघडली. मुख्य काम ६५ ऐवजी ७० तास चाललं होतं, कारण डॉक्टरांचा मजकूर तीन हप्त्यांत आला. करेक्शन्स १३ तास झाली. त्यातल्या वरच्या तीन तासांचे २,७०० रुपये तिला मिळाले. खर्च वजा जाता ६६,२०० रुपये, भागिले ८३ तास. तासाला ७९८ रुपये पडले. पुढच्या क्लिनिकच्या कोटेशनमध्ये तिने मुख्य कामासमोर ७० तास लिहिले आणि एक ओळ वाढवली: सगळा मजकूर एकत्र मिळाल्यावरच बांधणीचं काम सुरू होईल.